पीओचा कागदावरचा रस्ता आणि लॉगमधली पायवाट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या गाइडनी मला एक पेपर हातात दिला आणि म्हणाले, "हा वाच, आणि त्यातली पद्धत समजली की सांग." मी एमएससी संख्याशास्त्राची. खरेदी विभागात पीओ कसा निघतो, जीआरएन म्हणजे काय, बिल पास कोण करतो, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पद्धत दोन दिवसांत समजली. पद्धतीमागचा प्रश्न समजायला मात्र वर्ष गेलं. त्या वर्षात जे वाचलं त्यातून हा लेख. प्रोसेस मायनिंगमध्ये येऊ पाहणाऱ्यांना माझ्यासारखं उलटं शिकावं लागू नये, म्हणून थोडा इतिहासाच्या अंगाने लिहिते.

तो पेपर होता मीके यान्स, मायकेल ॲलेस आणि मिक्लोश वाशरहेयी यांचा. 2014 साली 'द अकाउंटिंग रिव्ह्यू'मध्ये आलेला. यान्स बेल्जियमच्या, बाकीचे दोघे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे. त्यांनी युरोपातल्या एका मोठ्या बँकेचा खरेदीचा डेटा घेतला. बँकेचं नाव पेपरात नाही. व्यवहार 2007 सालचे, पीओ सव्वीस हजारांहून जास्त. बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत ऑडिटरांनी हीच खरेदी नेहमीच्या पद्धतीने आधी तपासली होती. या तिघांनी नमुना न काढता सगळेच्या सगळे पीओ घेतले, प्रत्येकाचा प्रवास लॉगमधून उभा केला आणि ठरलेल्या पद्धतीशी ताडून पाहिला. त्यात मंजुरीविना झालेली पेमेंट सापडली. एका माणसाने जे एकट्याने करायचं नाही ते त्याने एकट्यानेच केल्याचं सापडलं. बँकेच्या स्वतःच्या खरेदी-नियमांचे भंगही सापडले. आधीच्या तपासणीत यातलं काही वर आलं नव्हतं.

ऑडिटर कामचुकार होते असा याचा अर्थ नाही. तपासणी नमुन्यावर चालते, आणि नमुना तपासणारा सहसा कागद पाहतो: पीओ आहे का, चलन आहे का, बिल आहे का, सह्या आहेत का. सगळे कागद फाइलमध्ये असतात. ते कोणत्या क्रमाने फाइलमध्ये आले हे फाइल सांगत नाही. आमच्या विभागातलंच घ्या. रसायनं आधी येतात, प्रयोग सुरू होतो, आणि इंडेंट व पीओ नंतर 'करून घेतले' जातात. वर्षाअखेर फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी. क्रम बिघडला होता हे फक्त वेळेच्या नोंदीला ठाऊक असतं.

आता जरा मागे जाऊ.

घडून गेलेल्या नोंदींवरून प्रक्रियेचा नकाशा काढायचा, ही कल्पना 1998 च्या आसपास दोन ठिकाणी दिसते. जोनाथन कुक आणि अलेक्झांडर वुल्फ सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रक्रियेकडे पाहत होते. राकेश अगरवाल, दिमित्रिओस गुनोपुलोस आणि फ्रांक लायमन हे आयबीएमच्या वर्कफ्लो प्रणालीतल्या लॉगकडे. अगरवाल म्हणजे असोसिएशन रूल्सवाले तेच. कुक आणि वुल्फ यांचा 1999 चा दुसरा पेपर आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे, पण तो फार कमी विद्यार्थी वाचतात. त्यात त्यांनी सरळ विचारलं की प्रक्रियेचं मॉडेल आधीच हातात असेल, तर प्रत्यक्ष काम त्याच्यापासून किती लांब गेलं हे मोजायचं कसं? उत्तर त्यांनी शब्दांच्या अंतरासारखं दिलं. मॉडेलला मान्य असलेली साखळी आणि घडलेली साखळी समोरासमोर ठेवायची आणि किती घटना घालाव्या किंवा काढाव्या लागतात ते मोजायचं.

वर्कफ्लो प्रणालीत हा प्रश्न तसा बोचत नव्हता, कारण तिथे प्रणालीच पुढची पायरी हातात देते. रस्ता सोडून जायची सोयच कमी. एसएपीसारख्या ईआरपीत तसं नाही. तिथे पद्धत भिंतीवरच्या फ्लोचार्टवर असते किंवा आयएसओच्या फाइलमध्ये. प्रणाली मात्र अनेक रस्ते उघडे ठेवते, कारण धंद्याला ते लागतात. अर्धा माल आला, भाव बदलला, बिल आधी आलं, पीओ रद्द करून पुन्हा काढला, हे सगळं तिला झेलावं लागतं. म्हणून ठरलेली पद्धत आणि घडलेला व्यवहार यांच्यात खरी फट पडते ती ईआरपीत.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठात विल व्हान डेर आल्स्ट यांच्या गटाने या विषयाला गणिती पाया दिला. 2004 साली अल्फा अल्गोरिदम आला. तो लॉगवरून पेट्री नेट काढतो. पेट्री नेट ही कार्ल ॲडम पेट्री यांच्या 1962 च्या प्रबंधापासून चालत आलेली गोष्ट. गोल म्हणजे जागा, चौकोन म्हणजे कृती, आणि जागांमध्ये फिरणारे ठिपके म्हणजे टोकन. कृती घडली की ती आधीच्या जागेतलं टोकन खाते आणि पुढच्या जागेत नवं टाकते. याच गटातल्या ॲने रोझिनात यांनी व्हान डेर आल्स्टांबरोबर टोकनचा उपयोग तुलनेसाठी केला. तो पेपर 2008 चा. पद्धत अशी: ठरलेल्या प्रक्रियेचं नेट घ्या आणि त्यावर घडलेली साखळी चालवून पाहा. एखाद्या कृतीला हवं ते टोकन जागेवर नसेल तर उसनं द्या आणि 'हरवलेलं' म्हणून मोजा. शेवटी कुठे टोकन पडून राहिलं तर ते 'उरलेलं' म्हणून मोजा. त्यांचं सूत्र:

```
fitness = ½ (1 − m/c) + ½ (1 − r/p)
```

`m` हरवलेली, `c` खाल्लेली, `r` उरलेली, `p` निर्माण झालेली टोकनं. सगळं सुरळीत असेल तर उत्तर 1.

हे हाताने एकदा तरी करून पाहा, कारण खरी अडचण तिथेच दिसते. ठरलेली पद्धत चार पायऱ्यांची आहे असं धरू: पीओ काढणे, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, बिलाची नोंद, पेमेंट. एकामागून एक. आता दोन साखळ्या घ्या.

```
अ : पीओ → बिल → जीआरएन → पेमेंट
ब : पीओ → बिल → पेमेंट
```

'अ'मध्ये बिल मालाच्या आधी नोंदलं गेलं, पण पैसे मिळाले ते माल आल्यावरच. 'ब'मध्ये माल आल्याची नोंदच नाही आणि पैसे गेले. कारखान्यातल्या अकाउंट्सवाल्याला विचारा, 'अ'साठी तो मान वर करून बघणारही नाही. 'ब'साठी खुर्चीतून उठेल.

'अ' चालवून पाहू. सुरुवातीचं एक टोकन आपण ठेवतो, ते निर्माण झालेलं धरायचं. पीओ ते खातो आणि नवं टाकतो. बिलाला जीआरएननंतरचं टोकन हवं, ते नाही. एक उसनं, म्हणजे एक हरवलेलं. मग जीआरएन पीओने टाकलेलं टोकन खातं आणि आपलं टाकतं, पण ते खाणारी बिलाची कृती आधीच होऊन गेलेली, म्हणून ते तसंच पडून राहतं. पेमेंट बिलाने टाकलेलं खातं, शेवटचं टोकन आपण उचलतो. हिशेब: निर्माण 5, खाल्लेली 5, हरवलेलं 1, उरलेलं 1. फिटनेस 0.8. 'ब'मध्ये एक पायरी कमी, म्हणून निर्माण 4, खाल्लेली 4, हरवलेलं 1, उरलेलं 1. फिटनेस 0.75.

0.8 आणि 0.75. एक जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं ऑडिटमधलं सर्वांत गंभीर प्रकरण, आणि फरक 0.05 चा. हजारो पीओंची सरासरी काढली की तोही दिसेनासा होतो.

पुढे आर्या अद्रियान्स्याह यांनी आइंडहोवनलाच अलाइनमेंटची पद्धत उभी केली. प्रबंध 2014 चा. यात टोकन मोजत नाहीत. लॉगमधली साखळी आणि मॉडेलमधली सर्वांत जवळची साखळी शेजारी मांडतात, आणि जिथे जुळत नाही तिथे 'हे फक्त लॉगमध्ये' किंवा 'हे फक्त मॉडेलमध्ये' असं लिहितात. कुक आणि वुल्फ यांच्या कल्पनेशी नातं लगेच दिसेल. फायदा मोठा आहे: काय चुकलं त्याचं नाव मिळतं. 'ब'ची अलाइनमेंट सांगते की जीआरएन फक्त मॉडेलमध्ये आहे. एवढं वाक्य ऑडिटरला पुरतं.

पण खर्चाचा आकडा बघा. प्रत्येक न जुळलेल्या पायरीला 1 असा सरसकट खर्च लावला, तर 'ब'चा खर्च 1, फक्त जीआरएन गाळलेलं म्हणून. 'अ'चा खर्च 2, कारण बिल एका जागी जास्तीचं आणि दुसऱ्या जागी गाळलेलं धरावं लागतं. फिटनेस काढताना हा खर्च लॉगमधल्या पायऱ्या अधिक मॉडेलमधल्या कमीत कमी पायऱ्या यांनी भागतात. 'अ'ला मिळतात 1 − 2/8 म्हणजे 0.75, आणि 'ब'ला 1 − 1/7 म्हणजे सुमारे 0.86. म्हणजे नवी पद्धत लावल्यावर गंभीर प्रकरण जास्त 'शिस्तीचं' ठरलं! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आपलाच कोड चुकला असं वाटलं. कोड बरोबर होता. दोन्ही आकडे साखळीचा आकार मोजतात. कोणती पायरी वगळल्याने पैसे बुडतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अलाइनमेंटमध्ये ते सांगता येतं, कारण खर्च पायरीगणिक वेगळा ठेवायची सोय आहे. जीआरएन गाळल्याला 10 आणि बिलाच्या जागेला 1 लावा, क्रम सरळ होतो. पण तो 10 कुठून आणायचा? तो लॉगमध्ये नसतो. खरेदीची पद्धत ज्यांनी आखली त्यांच्याशी बोलूनच तो मिळतो.

आणि बोलायला गेलं की कळतं, 'ठरलेली पद्धत' एक नसते.

याचं उघड उपलब्ध असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे 2019 च्या बीपीआय चॅलेंजचा लॉग. नेदरलँड्समधून चालणाऱ्या, रंग आणि कोटिंग बनवणाऱ्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्या साठ उपकंपन्यांचा खरेदीचा डेटा, नावं पुसून, संशोधकांना दिला. त्या वर्षी आखेनला पहिली आंतरराष्ट्रीय प्रोसेस मायनिंग परिषद भरली, त्यानिमित्ताने ही स्पर्धा होती. लॉगमध्ये 76,349 पीओ, त्यातले 2,51,734 आयटम आणि 15,95,923 घटना. प्रत्येक आयटम ही एक केस. वेगवेगळ्या साखळ्या मोजल्या तर बारा हजारांच्या घरात जातात.

बारा हजार हा आकडा ऐकून पहिली प्रतिक्रिया होते ती 'काय हा अनागोंदी कारभार!' माझीही झाली होती. पण लॉगसोबत कंपनीने जे वर्णन दिलं आहे ते नीट वाचलं की निम्मा धक्का ओसरतो. भाड्याचं उदाहरण त्यांनीच दिलंय: वर्षभराच्या भाड्याचा एक पीओ, त्यात एकच आयटम, आणि त्यावर वर्षात बारा जीआरएन. वाहतुकीच्या कामात तर एका आयटमवर शेकडो जीआरएन पडू शकतात. अकरा जीआरएनची साखळी आणि बाराची साखळी या मोजणीत दोन वेगळ्या ठरतात. यात शिस्त मोडलेली नाही, घड्याळ चाललंय एवढंच.

त्याच वर्णनात आयटमचे चार प्रकार दिलेत, आणि खरं सोनं तिथे आहे. पहिल्या प्रकारात थ्री-वे मॅच लागतो, म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल या तिघांची रक्कम जुळली पाहिजे, आणि बिल जीआरएनच्या आधारेच नोंदायचं. असे आयटम 15,182. दुसऱ्या प्रकारातही तिन्ही जुळले पाहिजेत, पण बिल मालाआधी नोंदलं तरी चालतं. ते पेमेंटसाठी अडवून ठेवायचं आणि माल आला की अडवणूक उठवायची, मग ती कुणी माणूस उठवो नाहीतर ठरावीक वेळाने चालणारं बॅच. असे आयटम 2,21,010, म्हणजे बहुसंख्य. तिसरा टू-वे मॅच, जिथे मालाची वेगळी नोंद लागतच नाही, 1,044. चौथा कन्साइनमेंट, ज्याचं बिल पीओच्या पातळीवर येतच नाही, 14,498.

आता मघाच्या 'अ' आणि 'ब'कडे परत या. 'अ' पहिल्या प्रकारात नियमभंग, दुसऱ्यात अगदी रीतसर. 'ब' पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात गंभीर, पण तिसऱ्यात हीच ठरलेली पद्धत! एकच साखळी, आणि निकाल केसच्या एका रकान्यावर ठरतो. एसएपीत तो निकाल मुख्यतः दोन टिकमार्कांत असतो. `EKPO` या टेबलातला `WEPOS` म्हणतो, जीआरएन लागेल की नाही. `WEBRE` म्हणतो, बिल जीआरएनच्या आधाराने तपासायचं की नाही. पीओ काढताना कुणीतरी या दोन टिका लावतो किंवा काढतो, आणि तिथेच त्या आयटमची 'ठरलेली पद्धत' ठरते. कॉन्फॉर्मन्स तपासणारा हे गृहीत धरून पुढे जातो. पण `WEPOS`ची टिक काढण्याचा अधिकार कुणाला आहे आणि पीओ निघाल्यावर ती कुणी बदलली का, हा प्रश्नही तपासणीतच यायला हवा. टिक काढली की 'ब' आपोआप निर्दोष होतो.

दुसऱ्या प्रकारासाठी मॉडेल बदलायचं म्हणजे काय, तेही बघा. पीओनंतर जीआरएन आणि बिल समांतर, कोणतंही आधी चालेल, पेमेंटला मात्र दोन्हीची टोकनं हवीत. आता 'अ'चा फिटनेस 1. 'ब'चा हिशेब परत करा: निर्माण 5, खाल्लेली 5, हरवलेलं 1, उरलेलं 1, म्हणजे 0.8. मघाशी चुकीच्या मॉडेलवर निरुपद्रवी 'अ'ला मिळाला होता तोच आकडा. म्हणून कुणी पेपरात 'फिटनेस 0.8 आला' एवढंच लिहिलं असेल तर कोणत्या मॉडेलवर आणि कोणत्या प्रकारच्या आयटमवर, हे विचारल्याशिवाय पुढे वाचू नका.

शिवाय थ्री-वे मॅच हा मुळात रकमेचा नियम आहे, क्रमाचा नाही. जीआरएन शंभर नगांचं आणि बिल दीडशेचं असेल तरी साखळी देखणीच दिसेल. 2019 च्या लॉगमध्ये रकमा बदललेल्या आहेत, पण शून्य शून्यच राहील आणि बेरजा जुळत राहतील अशा बेताने. त्यामुळे `Cumulative net worth (EUR)` या रकान्यावरून रकमेची तपासणी खरंच करता येते. फक्त घटनांची नावं घेऊन पेट्री नेटवर चालवणारा विद्यार्थी हा रकाना उघडतही नाही. मी सहा महिने उघडला नव्हता.

आता वेळेच्या नोंदीबद्दल, कारण सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. त्या लॉगमध्ये काही घटनांवर 1948 सालची तारीख आहे. 2018 च्या पीओसाठी. ही अर्थातच कुणाच्या तरी टायपिंगची करामत, आणि ती लगेच पकडता येते. न दिसणारी चूक जास्त महाग पडते. `Vendor creates invoice` ही घटना कंपनीत घडतच नाही. ती पुरवठादाराच्या बिलावर छापलेली तारीख आहे, आणि करणाऱ्याच्या रकान्यात तिथे `NONE` असतं. या घटनेला आपल्या प्रक्रियेची पायरी धरून 'बिल मालाआधी आलं' असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या घड्याळावरून आपल्या घरी उशीर ठरवणं. कंपनीने बिल नोंदलं ती घटना वेगळी आहे, `Record Invoice Receipt`.

एसएपीतून स्वतः लॉग काढायचा असेल तर हा पेच आणखी जवळून दिसतो. पीओवर काय काय झालं हे `EKBE` टेबलात असतं, आणि तिथे एका जीआरएनला दोन तारखा असतात. `BUDAT` म्हणजे हिशेबात धरायची तारीख, ती टाकणारा स्वतः टाकतो आणि मागची टाकू शकतो. `CPUDT` आणि `CPUTM` म्हणजे नोंद खरोखर केली तो दिवस आणि ती वेळ, हे मशीन टाकतं. एका कारखान्याच्या डेटावर काम करताना मी न बघता `BUDAT` घेतली, आणि पीओ निघायच्या आधीच माल आल्याच्या भरपूर केस मिळाल्या. मी आनंदाने स्लाइड केल्या. बैठकीत स्टोअरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, माल तीस तारखेला गेटवर आला, पीओला सही एक तारखेला झाली, आणि महिना बंद व्हायच्या आत धरायचा म्हणून आम्ही तारीख तीसच टाकली. यात लपवलंय काय?"

खरंतर त्यात दोन गोष्टी होत्या. मागची तारीख टाकणं तिथे मान्य होतं, तो भंग नव्हता. पण पीओशिवाय माल गेटमधून आत आला होता, आणि तो भंग होता. `BUDAT`मुळे मला तो दिसला खरा, पण मी त्याला चुकीचं नाव दिलं. उलट `CPUDT` घेतली असती तर तो दिसलाच नसता, कारण नोंद पीओनंतरच झाली होती. त्यानंतर मी दोन्ही तारखा लॉगमध्ये ठेवते. नियंत्रण पाळलं गेलं का, म्हणजे प्रणालीने कुणाला कधी काय करू दिलं, हा प्रश्न असेल तर `CPUDT` बघते. माल आणि कागद प्रत्यक्षात कसे फिरले याचा अंदाज हवा असेल तर `BUDAT`. आणि दोघांत अंतर जास्त असेल त्या केस वेगळ्या काढून माणसाला विचारते. शनिवारी दुपारी एकाच वापरकर्त्याने दहा मिनिटांत तीस जीआरएन टाकलेत असं दिसलं तर आठवड्याभराची चलनं एकदम चढवली गेलीत. तिथे घटनांमधला क्रम स्टोअरमधल्या चलनांच्या गठ्ठ्याचा असतो, व्यवहाराचा नव्हे.

शेवटचा मुद्दा केसचा, कारण त्यावरून हा विषय सध्या वळण घेतोय. पीओ ही केस धरायची की आयटम? दोन आयटमचा एक पीओ घ्या, 00010 आणि 00020. पहिल्याचा माल दोन हप्त्यांत आला, म्हणजे दोन जीआरएन. दुसऱ्याचा आलाच नाही, पण बिल दोन्हींचं आलं आणि दोन्हींचं पेमेंट झालं. पीओच्या पातळीवर साखळी दिसते ती अशी: पीओ, जीआरएन, जीआरएन, बिल, बिल, पेमेंट, पेमेंट. दोन आयटम, दोन जीआरएन, दोन बिलं, सगळं गोजिरवाणं. 'ब' प्रकारचा भंग आत बसलाय आणि दिसत नाही. आयटमच्या पातळीवर उतरलात की 00020 लगेच उघडा पडतो. पण तिथे दुसरी अडचण येते. पीओची मंजुरी ही पूर्ण पीओची असते, आयटमची नाही. वीस आयटमच्या पीओवर साहेबांनी एकदा मंजुरी दिली, आयटमच्या लॉगमध्ये ती वीसदा दिसते. मग एक माणूस मिनिटात वीस मंजुऱ्या देतो असा निष्कर्ष निघतो आणि त्या बिचाऱ्याचं नाव 'संशयास्पद'च्या यादीत चढतं.

व्हान डेर आल्स्ट यांनी 2019 साली हाच पेच मध्यभागी ठेवून ऑब्जेक्ट-सेंट्रिक प्रोसेस मायनिंगची मांडणी केली. एका घटनेला एकच केस बांधायची सक्ती सोडायची. एक बिल-नोंद ही एकाच वेळी एका बिलाची, एका पीओची आणि सात आयटमची घटना असू शकते, आणि लॉगमध्ये ती एकदाच, सगळ्यांशी जोडून लिहायची. त्यासाठीचा ओसीईएल हा फॉरमॅट 2020 साली आला, त्याची दुसरी आवृत्ती 2023 साली.

साहजिकच मी 2019 चा तो लॉग या नव्या रूपात आणायला बसले. पीओ आणि आयटम सहज जुळतात, दोन्हींचे क्रमांक आहेत. बिलापाशी अडले. त्या लॉगमध्ये बिलाचा क्रमांकच नाही. दोन आयटमवरच्या दोन बिल-नोंदी एकाच बिलाच्या आहेत की दोन बिलांच्या, हे त्याच वापरकर्त्यावरून आणि त्याच मिनिटावरून ओळखायचा प्रयत्न करता येतो, पण बॅच-वापरकर्त्यांच्या नोंदींवर हा अंदाज टिकत नाही, तिथे असंख्य बिलं एकाच मिनिटाची असतात. मी सध्या बॅचच्या नोंदी बाजूला ठेवून फक्त माणसांनी केलेल्या नोंदींवर हे करते आहे. जीआरएनचीही तीच गत, त्याचाही क्रमांक नाही. स्वतःचा लॉग काढणाऱ्यांनी `EKBE`मधला `BELNR`, म्हणजे त्या त्या कागदाचा क्रमांक, आणि त्याच्या जोडीला वर्षाचा `GJAHR` पहिल्या दिवसापासून घेऊन ठेवा. नंतर परत मागायला गेलं की कंपनीचा आयटी विभाग पुन्हा पहिल्यापासून परवानग्या मागतो.